एक, तीन, दोन, शून्य

गावात माझी ओळख ‘मस्कतवाला’ अशी आहे. चौदा वर्षं ओमानमध्ये एका बांधकाम कंपनीच्या गोदामावर हिशेब लिहिले आणि मग पिंपळगाव राजाला परत येऊन शेताकडे बघू लागलो. त्या चौदा वर्षांत पैसा बेताचाच साठला, पण अरबी बरीच साठली. गावात तिचा काही उपयोग नाही. कापसाला अरबीत काय म्हणतात हे कळल्यानं भाव वाढत नाही! (‘क़ुत्न’ म्हणतात. इंग्रजी ‘कॉटन’ तिथूनच आलं. असो.)

तर झालं असं. गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्याहून भाचीचा फोन आला. “मामा, तुमाले अरबी येते नं? आमच्या खालच्या मजल्यावर येमेनचं एक कुटुंब रायते. त्या बाईले शाळेचं पत्रक समजून राह्यलं नाही. सकाळपासून रडून राह्यली.”

नवरा पुण्यात पीएच.डी. करायला आलेला. देशात २०१४ पासून युद्ध, त्यामुळे घरून पैसे येतील तेव्हा खरे. मुलगा सात वर्षांचा. जवळच्या एका साध्या, सेमी-इंग्रजी शाळेत त्याला घातलेलं. पत्रक मराठीत होतं. नवऱ्याला इंग्रजी येतं, देवनागरी येत नाही, आणि त्या आठवड्यात तो कामासाठी बाहेरगावी होता.

भाचीनं पत्रकाचा फोटो पाठवला. फोटो कसा, तर कागदाची चौघडी उलगडून पलंगावर ठेवलेला, वरून बाईंच्या हाताची सावली, खालची ओळ कापलेली, आणि मधली घडी नेमकी फीच्या कोष्टकातून गेलेली. गोदामात मी एक गोष्ट शिकलो होतो. अर्धवट दिसणारा आकडा अंदाजानं वाचायचा नाही. म्हणून आधी भाचीला सांगितलं, कागद खिडकीपाशी भिंतीला चिकटव, चारही कोपरे दिसतील असा एक फोटो काढ आणि कोष्टकाचा जवळून दुसरा. ते आल्यावर मी अरबीला हात लावला नाही. आधी पूर्ण पत्रक वहीत मराठीतच उतरवून काढलं. भाषांतरातल्या निम्म्या चुका मूळ नीट न वाचल्यामुळे होतात, हा माझा अनुभव.

पत्रकात विशेष काही नव्हतं. वार्षिक शुल्क तीन हप्त्यांत, पहिला हप्ता ४८०० रुपये, दि. १०-०७ पर्यंत. उशीर झाल्यास रोज १० रुपये. गणवेशाचा संच १३२० रुपये. सुट्ट्यांची यादी. रजेसाठी लेखी अर्ज. शेवटी “नंतर तक्रार चालणार नाही”. रडण्यासारखं यात काय आहे हे मला कळेना. मी बाईंशी फोनवर बोललो.

त्या म्हणाल्या, “गणवेशाचे नऊ हजार तीनशे पंचवीस आम्ही कुठून आणणार? आणि उशीर झाला तर रोज पंच्याण्णव? मुलाला शाळेतून काढायचं असेल तर कुठला कागद लागतो तेवढं सांगा.”

मी पुन्हा फोटो बघितला. १३२०. आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

वाचकहो, अरबी लिपीतले आकडे तुम्ही दुबईच्या नोटेवर किंवा खजुराच्या खोक्यावर पाहिले असतील. त्यांचा पाच म्हणजे एक छोटं गोल वर्तुळ, हुबेहूब आपलं शून्य. त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. त्यांचा नऊ आपल्या देवनागरी एकासारखा दिसतो, वर गाठ आणि खाली शेपूट. आणि त्यांचे दोन आणि तीन आपल्या दोन-तीनांच्या इतके जवळचे की बाईंना ते ओळखता आले. म्हणजे त्यांना १३२० मधला प्रत्येक आकडा ‘वाचता’ आला होता: नऊ, तीन, दोन, पाच. रोजचा दहा रुपये दंड झाला पंच्याण्णव. ४८०० मधले चार आणि आठ त्यांना कळले नाहीत, म्हणून त्या रकमेची त्यांना भीतीही वाटली नाही. जे कळलं नाही ते त्यांनी विचारलं असतं. जे कळलं असं वाटलं, त्यानं घात केला.

मी सांगितलं, “बाई, गोल म्हणजे शून्य. तुमच्या नऊसारखा दिसतो तो एक. गणवेश एक हजार तीनशे वीस रुपयांना आहे, दंड दिवसाला दहा.” पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्या हसल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या.

गंमत म्हणजे अरब लोक स्वतःच्या या आकड्यांना ‘अर्क़ाम हिंदिय्या’ म्हणतात, म्हणजे हिंदी आकडे. सीरियातला सेव्हेरस सेबोख्त नावाचा धर्मगुरू इ.स. ६६२ मध्ये हिंदूंच्या नऊ चिन्हांच्या गणिताचं कौतुक करून गेला आहे. बगदादच्या अल्-ख्वारिज़्मीनं नवव्या शतकात हिंदी आकडेमोडीवर पुस्तकच लिहिलं. त्याची मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन रूपांतरं उरली. शून्याचं म्हणाल तर आपल्याकडेही ते आधी ठिपकाच होतं. बख्शाली हस्तलिखितात शून्याच्या जागी बिंदू आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात मात्र २७० आणि ५० हे आकडे गोल शून्य देऊन कोरले आहेत. म्हणजे आपण ठिपक्याचं वर्तुळ केलं, त्यांनी ठिपका जपून ठेवला आणि वर्तुळ पाचाला दिलं. एकाच घरातून निघालेल्या दोन भावांनी वेगळी बिऱ्हाडं केली आणि हजारेक वर्षांनी पुण्यातल्या एका सोसायटीत त्यांची गाठ पडली तेव्हा ओळख पटली नाही, असा हा प्रकार.

आता भाषांतर. आमचे आजोबा पटवारी होते. त्यांच्या पेटीत मोडी कागदांचं एक बाड होतं, आणि निवृत्तीनंतर मी मोडी वाचायला शिकलो ते त्या बाडापायी. म्हणून मला वाटलं, पत्रकातले निम्मे शब्द तर मुळात अरबीच आहेत: रक्कम, मुदत, रजा, अर्ज, तक्रार, हजर. नुसते परत करायचे! इथेच फसायला होतं. आपल्याकडे येऊन या शब्दांनी संसार थाटला आणि स्वभाव बदलला. त्यांना जसंच्या तसं माहेरी पाठवलं तर कुणी ओळखत नाही.

रक्कमच घ्या. अरबीत ‘रक़म’ म्हणजे आकडा. ‘अर्क़ाम हिंदिय्या’ मधला ‘अर्क़ाम’ हे त्याचंच अनेकवचन. “रक्कम भरावी” याचं शब्दशः अरबी केलं तर “नंबर भरा” असं होईल, आणि बाई फोन नंबर लिहून देतील. पैशाच्या रकमेला अरबीत ‘मब्लग़’ म्हणतात. हा शब्दही आपल्याकडे आलेला आहे. जुन्या कागदांत “मबलग रुपये” असं लिहीत, आणि त्यातूनच आपला ‘मबलख’ झाला. शाळेनं मागितलेली रक्कम मबलख नव्हती हे बाईंना पटवायला मी ‘मब्लग़’ वापरला!

‘रजा’ आणखी मजेची. मूळ अरबी ‘रिदा’ म्हणजे संमती, समाधान. वरिष्ठांची संमती घेऊन घरी जायचं म्हणून आपल्याकडे त्या घरी जाण्यालाच रजा म्हणू लागले. आणि अरब लोक रजेला काय म्हणतात? ‘इजाज़ा’. तोच शब्द हिंदी-उर्दूत ‘इजाज़त’, म्हणजे परवानगी. त्यांच्या संमतीची आपण रजा केली, आणि त्यांच्या रजेची आपण परवानगी! “रजेसाठी पालकांचा लेखी अर्ज हवा” हे वाक्य मी त्यांना ‘तलब इजाज़ा’ असं करून दिलं. ‘तलब’ म्हणजे तिकडे अर्ज. आपल्याकडे तलब येते ती तंबाखूची. ‘तक्रार’ चा तर अरबी अर्थ नुसता पुनरावृत्ती. एकच गोष्ट परत परत सांगणारा माणूस मराठीत तक्रारखोर झाला, यात मराठी माणसाचं निरीक्षण दिसतं.

फीसाठी अरबीत शब्द आहे ‘रुसूम’. हा लिहिताना मी थबकलो, कारण वऱ्हाडात हा शब्द माझ्या आजोबांच्या कागदांत जागोजाग आहे. देशमुख-देशपांड्यांना वसुलीतून मिळणारा परंपरागत हक्क म्हणजे रुसूम. रयतेनं सारा भरला की त्यातला ठरीव वाटा यांचा. इमादशाही, मोगलाई, मग १७२४ नंतर निजाम... (ती निर्णायक लढाई आमच्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला झाली. जिंकल्यावर निजामानं गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं, पण लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले.) १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला तोवर सरकारं बदलली, पण वसुलीचे शब्द बदलले नाहीत.

तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. पत्रकाच्या माथ्यावर जे होतं ते सगळं संस्कृत: दिनांक, शुल्क, गणवेश, मुख्याध्यापक. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हापासून दरबारी फारसी-अरबी शब्दांना पर्याय देण्याचा प्रयत्न आहे, आणि विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीनं दिनांक-गणवेशासारखे शब्द रुळवले. पण पत्रकात जिथे पैसे, मुदत आणि दटावणी सुरू होते तिथे रक्कम, मुदत, बाकी, हजर, तक्रार हेच उभे. मान देताना संस्कृत, वसुली करताना अरबी. चारपाचशे वर्षं ज्या भाषेत सारा वसूल झाला, तिच्यातच धाक शिल्लक राहिला. यात कुणाला दोष द्यायचा नाही. फक्त भाषांतर करताना कळलं की कोणत्या ओळीला ‘सरकारी’ वास येतो आणि का.

तारखेनं मात्र मला जवळजवळ फसवलं होतं. “१०-०७ पर्यंत” हे मी फोनवर अरबी ओळीत टाइप केलं आणि पाठवण्याआधी सहज पाहिलं तर पडद्यावर ०७-१० उभं! अरबी उजवीकडून डावीकडे चालते, आकडा मात्र डावीकडून उजवीकडे. मध्ये आडवी रेघ आली की यंत्र ते दोन वेगळे आकडे समजतं आणि त्यांची जागा बदलतं. तिरकी रेघ दिली तर बदलत नाही. दहा जुलैची सात ऑक्टोबर झाली असती आणि बाई निवांत तीन महिने थांबल्या असत्या, रोज दहा रुपयांप्रमाणे. म्हणून सगळ्या तारखा अक्षरी महिना घालून लिहिल्या, ‘यूल्यू’. त्यातही पाहुण्याचा देश विचारावा लागतो. येमेनी माणसाला यूल्यू कळतो, इराकी घरात मात्र जुलैला ‘तम्मूज़’ म्हणतात.

आपले मोडी कारकून या बाबतीत शहाणे होते. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. “खमस सितैन मया व अलफ” म्हणजे पाच, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६५. त्यात ५९९ मिळवा की १७६४, म्हणजे जून १७६४ ते जून १७६५. जूनच का, तर सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलतं. पेरणी तेव्हा सुरू होते, म्हणून हिशेबही तेव्हा. याला मृगसालच म्हणत. सदाशिव पेठेतला ब्राह्मण कारकून, ज्याला अरबीचं एक वाक्य बोलता येत नसेल, तो रोज सकाळी बोरू घेऊन ‘खमस सितैन’ लिहीत होता. आकड्यात एक फराटा कमीजास्त झाला तर साल चुकतं, शब्दात ते अवघड. बाईंना मी १३२० आकड्यांत पाठवलेच, पण खाली अक्षरीही लिहिले: ‘अल्फ़ व सलासुमिया व इश्रून’. त्या कारकुनानं हे न अडखळता वाचलं असतं.

इतकं सगळं सांभाळून मी चुकलो कुठे, तर सदऱ्यात.

बाई म्हणाल्या, गणवेशाचं तेवढं तोंडी सांगून ठेवा, दुकानात ऐकता येईल. पत्रकात होतं: रोज आकाशी शर्ट, शनिवारी कवायतीसाठी पांढरा. मी थोडक्यात ध्वनिमुद्रण करून पाठवलं, “अस्सब्त, क़मीस अब्यद.” शनिवार, पांढरा शर्ट. ‘क़मीस’ मधला क़ घशातून काढायचा असतो. मस्कतला असताना तो मला बरा जमायचा. गावात आठ वर्षं राहिल्यावर माझ्या तोंडून वऱ्हाडी ‘खमीस’ बाहेर पडला. आमच्याकडे म्हातारी माणसं शर्टाला खमीसच म्हणतात! आणि अरबीत ‘ख़मीस’ म्हणजे गुरुवार. आठवड्याचा पाचवा दिवस, त्या कारकुनाच्या ‘खमस’ चाच भाऊ. त्यात बाई सनाच्या. सनाकडे क़ चा उच्चार ग करतात, शर्टाला ‘गमीस’ म्हणतात. माझा खमीस त्यांना शर्ट वाटण्याची काही शक्यताच नव्हती. त्यांनी ऐकलं, “शनिवार, गुरुवार पांढरा.”

पहिल्याच गुरुवारी पोरगं पांढरं शुभ्र होऊन शाळेत गेलं. साठ आकाशी मुलांत एकटं पांढरं. शिक्षिका काही बोलल्या नाहीत, पण शेजारच्या मुलांनी बोलायचं ते बोलून घेतलं. संध्याकाळी भाचीनं फोन केला. “मामा, तुमी त्याले गुरुवारी पांढरं घालाले सांगतलं का?” मला काय उत्तर द्यावं सुचेना. कागदावरचा एकेक आकडा तपासणारा मी, स्वतःचा आवाज मात्र तपासला नव्हता.

मी बाईंना फोन करून माफी मागितली. (‘माफी’ तरी त्यांना लगेच कळली.) त्या म्हणाल्या, “काही नाही, या ख़ाल. तुम्ही सांगितलं नसतं तर तो शाळेतच नसता.” ‘ख़ाल’ म्हणजे मामा. त्याआधी त्यांना वाटत होतं की भाची मला आई का म्हणते, कारण अरबीत ‘मामा’ म्हणजे आई!

आता माझी पद्धत ठरलेली आहे. भाषांतर पाठवल्यावर मी त्यांना विचारतो, “काय समजलं ते मला सांगा.” “समजलं का?” असं विचारत नाही, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. किती द्यायचे, कोणत्या दिवशी, अंगात काय घालायचं, एवढं त्यांच्या तोंडून ऐकतो. त्या रात्री ही एक मिनिटाची चौकशी केली असती तर पोराचा गुरुवार वाचला असता.

मुलाला शाळेतून काढायला कुठला कागद लागतो, या त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. त्या कागदाला आपण म्हणतो शाळा सोडल्याचा दाखला. ‘दाख़िल’ म्हणजे अरबीत आत शिरणारा. बाहेर पडायच्या कागदाला आपण आत शिरल्याचं नाव दिलं आहे. पण ते समजावून सांगायची वेळ आली नाही, आणि येऊ नये.

परवा भाचीनं एक फोटो पाठवला. त्यांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. डावीकडे देवनागरी आकडे मुलाच्या हातचे, उजवीकडे अरबी आकडे आईच्या हातचे. आपल्या शून्यासमोर त्यांचा ठिपका. मुलानं तो ठिपका इतका दाबून काढलाय की कागदाला भोक पडलंय.